फोटोचे ५७६ चौकोन भाषेच्या मॉडेलपर्यंत पोचतात कसे? लावा १.५ चा कोड वाचताना पडलेले प्रश्न

रानजाई

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी लावा १.५ ह्या, फोटो पाहून प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या मॉडेलचा कोड वाचतेय. माझं रोजचं काम बॅकएंडचं आहे, मशीन लर्निंगचं नाही, त्यामुळे हळूहळू चाललंय. बराचसा भाग कळला, पण एका जागी गाडी अडली आहे.

कळलेलं आधी सांगते, चुकत असेन तर सांगा. फोटो ३३६ × ३३६ पिक्सेलचा करून घेतात. त्याचे १४ × १४ पिक्सेलचे चौकोन पाडतात, म्हणजे २४ ओळी आणि २४ रकाने, एकूण ५७६ चौकोन. चित्र वाचणाऱ्या क्लिप मॉडेलचा एन्कोडर प्रत्येक चौकोनासाठी १०२४ आकड्यांची एक यादी, म्हणजे व्हेक्टर देतो. त्यापुढे तो व्हेक्टर भाषेच्या मॉडेलच्या मापाचा करणारा प्रोजेक्टर येतो आणि तो एवढाच आहे:

```python
nn.Sequential(
    nn.Linear(1024, 4096),
    nn.GELU(),
    nn.Linear(4096, 4096),
)
```

४०९६ अशासाठी, की ७ अब्ज आकड्यांच्या विकुना ह्या भाषेच्या मॉडेलमध्ये प्रत्येक टोकन, म्हणजे शब्द किंवा त्याचा तुकडा, ४०९६ आकड्यांचं असतं. प्रश्नामध्ये `<image>` जिथे लिहिलेलं असतं तिथे हे ५७६ व्हेक्टर घुसवतात आणि पुढे सगळं नेहमीसारखं चालतं.

आता अडलंय ते. हे ५७६ व्हेक्टर म्हणजे शब्द आहेत का? मी सायकलचा एक फोटो दिला, प्रत्येक व्हेक्टर मॉडेलच्या ३२,००० टोकनांच्या तक्त्याशी ताडून पाहिला आणि सगळ्यात जवळचं टोकन छापलं. सायकल, चाक, रस्ता असं काही दिसेल असं वाटलं होतं. निघाले कसलेही तुकडे, अर्धवट अक्षरं, विरामचिन्हं. तरीही मॉडेलने उत्तर दिलं, "भिंतीला टेकवलेली लाल सायकल", आणि ते बरोबर होतं. मग त्याला ती दिसली कुठे?

दुसरी गोष्ट. आमच्या सोसायटीच्या फलकावर पाणी बंद राहणार असल्याची इंग्रजीत छापलेली नोटीस होती. फोनवर उभा फोटो काढला, ३०२४ × ४०३२ पिक्सेलचा. मॉडेलने हिरव्या फलकावरचा कागद ओळखला, मोठं शीर्षक बरोबर वाचलं. खालच्या वेळा मात्र साफ चुकीच्या सांगितल्या, आणि त्याही अगदी ठामपणे. प्रोजेक्टर अजून मोठा केला तर हे सुधारेल का?

---

तिठा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. एन्कोडर आतल्या आत चित्राचं वर्णन तयार करतो आणि प्रोजेक्टर ते भाषेच्या मॉडेलच्या शब्दांत आणतो. दुभाष्यासारखं. तुमचं ताडून बघण्याचं गणित कुठेतरी चुकलं असणार, नाहीतर "सायकल" दिसायलाच हवं होतं.

---

मोडीवाचक

माझ्या कामाचा धागा दिसतोय. आमच्या घरी पणजोबांच्या काळातली मोडीतली कागदपत्रं आहेत, बहुतेक जमिनीच्या व्यवहारांची. त्यांचे फोटो काढून ठेवलेत. हे मॉडेल वापरून त्यांचं देवनागरी करता येईल का? कुठला प्रोजेक्टर बसवावा लागेल?

---

घाटवाट

रानजाई, तुमचं गणित बरोबर आहे आणि तुम्हाला जे दिसलं तेही बरोबर आहे.

तिठा, दुभाष्याची उपमा अर्धी लागू पडते. चित्राचं आधी वाक्यात वर्णन करून ते वाक्य भाषेच्या मॉडेलला द्यायचं, अशा रचना पूर्वी केलेल्या आहेत, आजही करता येतात. लावामध्ये तसं होत नाही. एन्कोडरच्या पोटात कुठेही वाक्य नाही, शब्दही नाही. १०२४ आकडे आत गेले, ४०९६ आकडे बाहेर आले, बस.

शब्द आत कसा शिरतो ते आधी पाहू. "सायकल" लिहिलं की त्याचे काही टोकन क्रमांक होतात. प्रत्येक क्रमांकाची ओळ ३२,००० ओळींच्या तक्त्यातून उचलली जाते आणि मॉडेलच्या पहिल्या थराला दिली जाते. तक्त्याचं काम तिथे संपतं. पहिल्या थराला क्रमांक माहीतच नसतो, त्याच्यासमोर फक्त ४०९६ आकडे येतात. चित्र हा तक्ता टाळून थेट त्या जागी येतं. कोडमध्ये `<image>` चा क्रमांक -200 ठेवलाय तो त्याचमुळे. तक्त्यात अशी ओळ नाही, ती नुसती खूण आहे की इथे बाहेरून आणलेले व्हेक्टर भरायचे.

आता बघा, तक्त्यात फक्त ३२,००० बिंदू आहेत आणि ४०९६ मितींची जागा त्या मानाने अफाट मोकळी आहे. प्रोजेक्टरला ट्रेनिंगमध्ये कोणीही सांगितलेलं नाही की तुझं उत्तर एखाद्या शब्दाच्या बिंदूवर पडलं पाहिजे. त्याला एवढंच बजावलंय, की तू असं काहीतरी दे ज्याने पुढचे थर बरोबर वाक्य लिहितील. म्हणून ते व्हेक्टर शब्दांच्या गर्दीपासून दूर, मोकळ्या जागेत पडतात. त्यांची लांबीही मोजून बघा, शब्दांच्या व्हेक्टरांपेक्षा कितीतरी पट जास्त निघेल. इतक्या लांबून "सगळ्यात जवळचा शब्द" विचारला की जे मिळतं त्याला काही अर्थ नसतो.

---

रानजाई

लांबी मोजली. खरंच खूप जास्त आहे! मी दोन्ही एकाच मापाचे असतील असं धरून चालले होते.

मग प्रोजेक्टर शिकतो कसा? "लाल सायकल" असं वाक्य समोर आहे, पण चौकोन क्रमांक २१० ने काय द्यायला हवं होतं हे तर कोणालाच माहीत नाही.

---

घाटवाट

नाहीच माहीत, आणि त्याची गरज पडत नाही. लावा १.५ मध्ये दोन टप्पे आहेत. पहिल्यात ५ लाख ५८ हजार चित्रं आणि त्यांच्या वर्णनाच्या ओळी घेतल्या. क्लिप गोठवलेला, विकुनाही गोठवलेला, बदलू शकतो तो फक्त मधला प्रोजेक्टर. चित्राचे ५७६ व्हेक्टर आत जातात आणि विकुनाने पुढे ती ओळ शब्दामागून शब्द बरोबर ओळखायची. चुकला की त्या चुकीचा हिशेब विकुनाच्या सगळ्या थरांतून उलटा मागे येतो. विकुना गोठवलेला असला तरी हिशेब त्याच्यातून आरपार जातोच, फक्त त्याचे आकडे बदलत नाहीत. तो हिशेब प्रोजेक्टरपाशी येऊन सांगतो, की ह्या जागचे आकडे जरा इकडे सरकवले असते तर "लाल" हा शब्द जास्त सहज आला असता. लाखो चित्रांवर हे घडल्यावर प्रोजेक्टरला विकुनाला मानवणारी जागा सापडते.

दुसऱ्या टप्प्यात ६ लाख ६५ हजार प्रश्नोत्तरांचे नमुने वापरले आणि तिथे विकुनालाही बदलायची मोकळीक दिली. क्लिप मात्र दोन्ही टप्प्यांत गोठवलेलाच राहिला. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

---

अण्णा_नगरकर

मी निवृत्त गणित शिक्षक. ट्रेनिंगमधलं मला काही कळत नाही, पण रानजाईताईंनी दिलेल्या तीन ओळी वाचता येतात. एक विचारतो.

मधली वक्र पायरी काढून टाकली तर १०२४ मितींतून ४०९६ मितींत नेणारं ते निव्वळ रेषीय रूपांतर राहतं. त्याची कोटी १०२४ पेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे सगळी चित्रं मिळूनसुद्धा त्या ४०९६ मितींच्या जागेत जास्तीत जास्त १०२४ मितींचा एक सपाट पापुद्रा व्यापणार. वक्र पायरी घातली की पापुद्र्याला वळणं येतील, घड्या पडतील, पण तो जाड होणार नाही. आत १०२४ संख्या गेल्या, त्यात जे नव्हतं ते ४०९६ झाल्याने उगवणार नाही. मला वाटतं ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. बरोबर आहे का?

---

घाटवाट

अण्णा, अगदी बरोबर. ह्यात एवढीच भर घालतो, की हा प्रोजेक्टर प्रत्येक चौकोनावर स्वतंत्रपणे चालतो. ५७६ चौकोनांना तेच एक रूपांतर ५७६ वेळा लावलं जातं. शेजारच्या चौकोनात काय आहे ते त्याला दिसत नाही. शेजाऱ्यांशी देवाणघेवाण आधी क्लिपच्या थरांत होते आणि नंतर विकुनाच्या थरांत होते. मधला हा टप्पा फक्त मापं आणि दिशा बदलतो.

आकारही सांगतो. लावाच्या पहिल्या आवृत्तीत नुसतं रेषीय रूपांतर होतं, सुमारे ४२ लाख आकड्यांचं. १.५ मध्ये दोन थर केल्यावर ते सुमारे २ कोटी १० लाख झालं. ७ अब्जांच्या मॉडेलपुढे हे काहीच नाही. दोन थरांनी फरक पडला, पण नोटिशीतली वेळ त्याच्यापाशी पोचतच नसेल तर तो बिचारा काय करणार?

रानजाई, तुमचाच फोटो घेऊन हिशेब करू. फोटो ३०२४ रुंद, ४०३२ उंच. मॉडेलला चौरस लागतो, म्हणून दोन्ही बाजूंना एकरंगी भराव घालून तो ४०३२ × ४०३२ करतात आणि मग ३३६ वर आणतात. म्हणजे प्रत्येक बाजू बारावा हिस्सा झाली. तुमच्या फोटोची रुंदी २५२ पिक्सेल उरली आणि दोन्हीकडे ४२-४२ पिक्सेलचा भराव. ४२ म्हणजे बरोबर तीन चौकोन. डावीकडचे तीन रकाने आणि उजवीकडचे तीन रकाने नुसत्या भरावाचे. ५७६ पैकी १४४ चौकोनांत तुमच्या फोटोचा एक पिक्सेलही नाही.

आता अक्षरं. शीर्षकाची अक्षरं मूळ फोटोत किती पिक्सेल उंच आहेत ते मोजाल का? आणि खालच्या वेळांची?

---

रानजाई

मोजली. शीर्षकाची साधारण ३००, वेळांची साधारण ६०.

---

घाटवाट

बाराने भागा. शीर्षकाची अक्षरं २५ पिक्सेल उंच उरली, म्हणजे एक अक्षर जवळपास दोन चौकोन उंचीचं. हे वाचता येतं. वेळांची अक्षरं ५ पिक्सेल उंच उरली. एका चौकोनाच्या उंचीत त्या मजकुराच्या जवळजवळ दोन ओळी बसतात आणि आडवे तीन-चार आकडे. ५ पिक्सेलांत ६ आणि ८ वेगळे ओळखायला माणसालाही जमत नाही. तो ३३६ चा फोटो जतन करून मोठा करून पाहा, तुम्हालाही वाचता येणार नाही.

इथपर्यंत एन्कोडर सुरूही झालेला नाही. माहिती आकार कमी करतानाच गेली. उत्तर ठाम आलं, कारण विकुनाला शीर्षक कळलं होतं आणि पाणी बंदच्या नोटिशीत वेळ कशी लिहितात हे त्याला मजकुरावरून माहीत आहे. रिकामी जागा त्याने सवयीने भरली.

---

तिठा

माझी चूक मान्य. वर्णनाचं वाक्य कुठे नाही हे पटलं. पण मग असं म्हणता येईल का, की एक व्हेक्टर म्हणजे त्या १४ × १४ पिक्सेलांचीच माहिती? चौकोन क्रमांक २१० मध्ये फक्त चाकाचा तो तुकडा?

---

घाटवाट

सुरुवातीला तेवढंच. १४ × १४ पिक्सेल, तीन रंग, म्हणजे ५८८ आकडे. त्यांचे १०२४ करतात आणि चौकोन कुठल्या जागचा आहे ते सांगणारा एक शिकलेला व्हेक्टर त्यात मिळवतात. त्यानंतर एकामागून एक थरांत प्रत्येक चौकोन बाकी सगळ्या चौकोनांकडे बघतो. शेवटी क्रमांक २१० च्या व्हेक्टरमध्ये चाकाचा तुकडा असतोच, शिवाय तो सायकलचा भाग आहे, मागे भिंत आहे, असा संदर्भही मुरलेला असतो. पण ह्याची दुसरी बाजूही आहे. व्हेक्टर १०२४ आकड्यांचाच राहतो. संदर्भ मुरतो तसे बारीक तपशील पुसट होऊ शकतात.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. एन्कोडरला तुमचा प्रश्न माहीत नसतो. "सायकलचा रंग कोणता" विचारा किंवा "भिंतीवर काय लिहिलंय" विचारा, ५७६ व्हेक्टर तेच्या तेच येतात. काय महत्त्वाचं ते निवडायचं काम पूर्णपणे नंतर विकुनाकडे येतं.

---

केतकी_ब

धागा आत्ता पाहिला. मी जर्मनीत एका छोट्या गटात अशाच जोडणीवर काम करते. रानजाईला उपयोगी पडेल म्हणून माझा एक अनुभव सांगते, कारण ह्या भागातल्या चुका गुपचूप होतात, प्रोग्रॅम कुठेही बंद पडत नाही.

आम्ही लावाच्याच पद्धतीने एक लहान मॉडेल जोडलं होतं. ट्रेनिंग छान झालं, तपासणीची उत्तरंही चांगली होती. ते सर्व्हरवर चढवलं आणि उत्तरं एकदम ढोबळ झाली. स्वयंपाकघराचा फोटो दिला तर "एक खोली, त्यात काही वस्तू". व्याकरण उत्तम, वाक्यं ओघवती, पण चित्रातलं नेमकं काही नाही. दोन दिवस आम्ही भाषेच्या मॉडेलच्या मागे लागलो होतो.

शेवटी एकच फोटो ट्रेनिंगच्या कोडमधून आणि सर्व्हरच्या कोडमधून चालवला आणि प्रत्येक टप्प्यावरचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. एन्कोडरमध्ये जाणारे पिक्सेल तंतोतंत सारखे. प्रोजेक्टरमध्ये जाणारे व्हेक्टर वेगळे. ट्रेनिंगमध्ये उपांत्य थराचं आउटपुट घेतलं होतं, लावामध्ये असतं तसं, `mm_vision_select_layer` ची किंमत -2. सर्व्हरच्या कोडमध्ये शेवटचा थर घेतला जात होता. दोन्हीकडे ५७६ × १०२४. आकार जुळतो म्हणून कोणाचीच तक्रार नाही. प्रोजेक्टरला मात्र ज्या भाषेची सवय लावली होती ती सोडून भलतीच भाषा ऐकू येत होती.

हेच २२४ वाल्या क्लिपवर शिकलेला प्रोजेक्टर ३३६ वाल्या क्लिपला लावला तर होतं. दोन्ही १०२४ चेच. किंवा विकुनाच्या एका आवृत्तीसाठी शिकवलेला प्रोजेक्टर दुसऱ्या आवृत्तीला लावला तर, दोन्ही ४०९६ चेच. आकार जुळला म्हणजे अर्थ जुळला असं नाही.

ओळखायचं कसं? आम्ही आता दोन गोष्टी नेहमी करतो. एक, तोच प्रश्न खऱ्या चित्रासोबत आणि एका कोऱ्या राखाडी चित्रासोबत विचारायचा. उत्तर फारसं बदललं नाही तर मॉडेल चित्राकडे बघत नाहीये. दुसरी तपासणी जास्त भरवशाची आहे. तपासणीच्या संचातल्या चित्रांची अदलाबदल करायची, वर्णनाच्या ओळी तशाच ठेवायच्या आणि लॉस, म्हणजे चुकीचं माप, मोजायचा. बरोबर चित्रांचा लॉस आणि अदलाबदल केलेल्यांचा लॉस जवळपास सारखा आला, तर लॉस जो खाली आलाय तो निव्वळ भाषेच्या सवयीने आलाय. ट्रेनिंगचा आलेख छान उतरताना दिसतो आणि माणूस फसतो.

---

रानजाई

केतकी, फार उपयोगी. पण उपांत्य थरच का? शेवटचा थर जास्त "तयार" नको का असायला?

---

केतकी_ब

मला एवढंच माहीत आहे, की लावाच्या लेखकांनी दोन्ही करून पाहिलं आणि उपांत्य थराने थोडे चांगले निकाल दिले. त्यांचा अंदाज असा, की शेवटचा थर संपूर्ण चित्राच्या सारांशाकडे झुकतो आणि उपांत्य थरात जागोजागचे तपशील जास्त टिकतात.

---

घाटवाट

क्लिप शिकवला कसा ते पाहिलं की ह्यामागचं एक कारण दिसतं. ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर तो शिकला आणि दर वेळी त्याला एवढंच ओळखायचं होतं, की कुठलं चित्र कुठल्या मजकुराचं. ही तुलना चौकोनांच्या व्हेक्टरांवरून होत नाही. ५७६ चौकोनांसोबत एक ५७७ वा व्हेक्टर असतो, साऱ्या चित्राचा सारांश गोळा करणारा, आणि तुलना फक्त त्याच्यावरून होते. लावा नेमका तो सारांश टाकून देतो आणि ५७६ चौकोन घेतो.

आता शेवटचा थर बघा. त्याच्यातून चौकोनांचं जे आउटपुट निघतं ते क्लिपच्या ट्रेनिंगमध्ये कुठेच वापरलं गेलं नाही. त्याच्यासाठी कोणी शाबासकीही दिली नाही आणि चूकही दाखवली नाही. उपांत्य थरातून निघालेल्या चौकोनांचं तसं नाही. शेवटच्या थरात सारांशाचा व्हेक्टर त्यांच्याकडे बघून माहिती उचलतो, म्हणजे ते कामाचे असणं भागच होतं.

क्लिपच्या शिकण्याच्या ह्या पद्धतीमुळे एक मर्यादाही येते. मजकुरात सहसा लिहिलेलं असतं "पाण्यात उभा कुत्रा". कुत्र्याचं तोंड डावीकडे आहे की उजवीकडे, हे कोणी लिहीत नाही. तो फरक टिपायचं क्लिपला कारणच पडलं नाही. डोळ्याला सहज वेगळी दिसणारी पण क्लिपला जवळपास सारखी वाटणारी चित्रं २०२४ मध्ये संशोधकांनी मुद्दाम शोधून काढली आणि त्यावर ही मॉडेल्स तपासली. क्लिप जिथे गोंधळला तिथे त्याच्यावर उभी असलेली मॉडेल्सही चुकली. पुन्हा अण्णांचाच मुद्दा: आत गेलं नाही ते बाहेर येत नाही.

---

मोडीवाचक

माझा प्रश्न राहिला. वरचं वाचून थोडा अंदाज येतोय, पण स्पष्ट कोणी सांगेल का?

---

घाटवाट

माफ करा, राहूनच गेलं. तुमच्या कामात दोन वेगळ्या अडचणी आहेत. एक आकाराची, जी रानजाईंच्या नोटिशीत होती, पण तुमच्याकडे जास्त बिकट, कारण मोडीत अक्षरं हात न उचलता जोडून लिहितात आणि बारीकशा वळणाने अक्षर बदलतं. ती पान तुकड्यांत कापून कमी करता येईल.

दुसरी कापून जाणार नाही. क्लिपचं ट्रेनिंग इंग्रजी मजकुरावर झालं. लॅटिन अक्षरं असलेल्या पाट्या, जाहिराती त्याने भरपूर पाहिल्या आणि मजकुराशी जोडल्या. देवनागरीचंसुद्धा तिथे फारसं काही नसणार, मोडीचं तर सोडाच. मोडीच्या दोन अक्षरांतला फरक त्याच्या १०२४ आकड्यांत नीट उतरतच नसेल, तर कुठलाही प्रोजेक्टर बसवून उपयोग नाही. विकुनाचं मराठीही कच्चं आहे. तुम्हाला मोडी अक्षरांवर शिकवलेला वेगळा अक्षरवाचक लागेल, किंवा एन्कोडरसुद्धा मोकळा ठेवून पुन्हा शिकवावा लागेल. त्यासाठी मोडी ओळ आणि तिचं देवनागरी अशा जोड्या हजारोंनी हव्यात.

---

मोडीवाचक

समजलं. जोड्या माझ्याकडे दोनशेच्या आसपास आहेत, त्याही मीच वाचलेल्या. तोवर स्वतःच वाचत राहतो. तसे वर्षाला चाळीसेक कागद होतात.

---

अण्णा_नगरकर

मोडीवाचक, त्या दोनशे जोड्या जपून ठेवा. ओळ आणि तिचं वाचन एकाच क्रमांकाने ठेवलंत तर उद्या कुणाला तरी तसेच्या तसे वापरता येतील.

घाटवाट, एक शंका. ५७६ व्हेक्टर एका रांगेत जातात. मग चोविसाव्या चौकोनानंतर ओळ संपली आणि पंचविसावा त्याच्या खालच्या ओळीत, डाव्या टोकाला आहे, हे विकुनाला कोण सांगतं?

---

घाटवाट

१.५ मध्ये वेगळं कोणी सांगत नाही. क्लिपने सुरुवातीला मिळवलेला जागेचा व्हेक्टर थरांतून टिकून आलेला असतो, शिवाय रांग नेहमी २४ चीच असते, त्यामुळे विकुना ते शिकून घेतो. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या पुढच्या आवृत्तीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक शिकलेला "ओळ संपली" व्हेक्टर घालायला लागले, कारण तिथे चित्राचा आकार बदलता झाला आणि रांगेची लांबी ठरलेली राहिली नाही.

त्याच आवृत्तीत रानजाईंच्या नोटिशीवरचा उपाय आहे. चित्राचे ३३६ चे तुकडे करतात, जसे ६७२ × ६७२ चे चार, आणि सोबत संपूर्ण चित्राचा एक छोटा आढावा. प्रत्येकाचे ५७६, म्हणजे २८८० टोकन. भरावाच्या जागचे व्हेक्टरही काढून टाकतात. अक्षरं दुप्पट मोठी दिसतात, पण विकुनाला पाचपट रांग वाचावी लागते आणि वेळ, मेमरी दोन्ही वाढतात.

---

तिठा

मग उलट करता येत नाही का? प्रोजेक्टरनेच ५७६ चे थोडे करावेत, म्हणजे रांग लहान राहील?

---

केतकी_ब

करतात. २०२३ च्या ब्लिप-२ ह्या मॉडेलमध्ये चित्रातलं सगळं ३२ व्हेक्टरांत गोळा करतात. काही ठिकाणी दोन बाय दोन शेजारी चौकोन एकत्र जोडून एक टोकन करतात, म्हणजे रांग चौथाई होते आणि जागेचा क्रमही शाबूत राहतो. मला दुसरी पद्धत पटते. ३२ मध्ये गोळा करताना एखाद्या कोपऱ्यातला आकडा हरवला की तो कुठे हरवला हे शोधणंही कठीण जातं.

---

घाटवाट

इथे मी केतकीशी पूर्ण सहमत नाही. ॲपलच्या लोकांनी २०२४ मध्ये एमएम१ ह्या त्यांच्या मॉडेलसाठी वेगवेगळे प्रोजेक्टर ताडून पाहिले. चित्राचा आकार आणि टोकनांची संख्या ह्याने बराच फरक पडला, टोकनांची संख्या तीच ठेवून प्रोजेक्टरची रचना बदलली तर अगदी थोडा. म्हणजे दोष गोळा करण्याच्या पद्धतीचा नसून ३२ ह्या आकड्याचा असू शकतो.

---

केतकी_ब

त्यांच्याकडे डेटा प्रचंड होता. आमच्यासारख्या छोट्या डेटावर गोळा करणारी रचना शिकायलाच खूप वेळ घेते आणि साधे दोन थर पटकन जमतात, हे मी स्वतः पाहिलंय. पुढच्या महिन्यात दोन्ही १४४ टोकनांवर ठेवून चालवून बघणार आहे. निकाल इथे टाकेन.

---

रानजाई

आज नोटिशीचा प्रयोग केला. मूळ फोटोतून फक्त वेळांचा भाग कापला, १००८ × १००८ चा, म्हणजे ३३६ वर येताना तिसरा हिस्साच झाला आणि अक्षरं २० पिक्सेल उंच राहिली. दोन्ही वेळा बरोबर वाचल्या! प्रोजेक्टर तोच, मॉडेल तेच. त्यानंतर केतकीने सांगितल्याप्रमाणे कोरं राखाडी चित्र देऊन तोच प्रश्न विचारला, तर तेव्हाही एक वेळ सांगितली, सकाळी १० ते संध्याकाळी ५. पहिल्या दिवशी मला मिळालेलं चुकीचं उत्तरही हेच होतं.

एक प्रश्न अजून शिल्लक आहे. व्हेक्टर आत शिरताना शब्दांपासून दूर असतात हे कळलं. पण बाहेर पडताना तर "सायकल" हा शब्द येतो. मग मधल्या थरांत कुठेतरी ते शब्दांच्या जवळ येत असतील का?

---

घाटवाट

येतात, असं दिसलंय. विकुनाच्या प्रत्येक थरानंतर चित्राच्या जागांवरचे व्हेक्टर उचलून शेवटच्या शब्द ओळखणाऱ्या तक्त्यातून काढले, तर सुरुवातीच्या थरांत निरर्थक तुकडे येतात आणि नंतरच्या थरांत त्या त्या जागच्या वस्तूंची नावं दिसू लागतात. असं का व्हावं, मजकूर वाचायला शिकलेल्या थरांना हे परके व्हेक्टर इतके सहज का मानवतात, ह्याचं मला पटेल असं उत्तर मी अजून वाचलेलं नाही. तुमच्या सायकलवर करून बघा. `output_hidden_states=True` द्या, ३२ थर आहेत, प्रत्येकाचं आउटपुट मिळेल.

---

केतकी_ब

आणि तक्त्यातून काढण्याआधी शेवटचा नॉर्म लावायला विसरू नकोस, नाहीतर लांबीतल्या फरकामुळे सगळ्या थरांत कचराच दिसेल. यादीतल्या शेवटच्या आउटपुटला तो आधीच लागलेला असतो, त्याला परत लावू नकोस.

---

रानजाई

शनिवारी बसते. चाकावरचे चौकोन आणि भिंतीवरचे चौकोन वेगवेगळे छापून बघते, कुठल्या थरापासून फरक पडतो ते इथे टाकते.